मंगलाचरण, आवाहन की आव्हान?

‘होमरच्या ‘इलियड’वरच्या एका लेखात पहिल्या ओळींना ‘मंगलाचरण’ म्हटलंय, दुसऱ्या एका लेखात ‘काव्यदेवतेला आव्हान’. आपल्या पोथ्यांतलं मंगलाचरण आणि हे मला काही एकच वाटत नाही. इन्व्होकेशनला मराठीत नेमकं काय म्हणावं?’

‘आव्हान’ आधी बाजूला काढू. संस्कृतात ‘आह्वान’ शब्दाला बोलावणं आणि ललकारणं असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने त्यांची वाटणी केली: शड्डू ठोकून द्यायचं ते आव्हान, आदराने बोलवायचं ते आवाहन. षोडशोपचार पूजेतला पहिला उपचार आवाहनाचा असतो. तिथे कुणी आव्हान म्हणालं तर गुरुजी वर बघतील.

‘मंगलाचरणा’ची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि तुम्हाला आलेली शंका रास्त आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याचं तोंड कसं असावं ते सांगताना तीन पर्याय दिलेत: ‘आशीर्नमस्क्रिया वस्तुनिर्देशो वापि तन्मुखम्’. आशीर्वाद, नमस्कार किंवा थेट विषयाचा निर्देश. म्हणजे देवाला हाक मारलीच पाहिजे असं नाही. कालिदासाचं ‘कुमारसंभव’ उत्तरेकडच्या हिमालयाच्या वर्णनाने सुरू होतं. भारवीचं ‘किरातार्जुनीय’ ‘श्रियः’ या शब्दाने उघडतं. ती ‘श्री’ कौरवांच्या राज्याची, दुर्योधनाच्या वैभवाची आहे. पण शब्द शुभ आहे, तेवढ्याने भागतं. पतंजलीने तर व्याकरणातही हे पाहिलं. पाणिनीने पहिल्या सूत्रात ‘वृद्धि’ शब्द आधी ठेवला तो मंगलासाठी, असं तो म्हणतो. तेव्हा मंगलाचरणाचं काम आरंभ शुभ करणं आणि ग्रंथ निर्विघ्न तडीस जावा अशी तजवीज करणं. ते नमस्कारानेही होतं आणि नुसत्या एका शब्दानेही.

आता ‘इलियड’ची सुरुवात बघा. शब्दांचा क्रम शक्य तितका राखून मराठीत आणायचा प्रयत्न करतो:

‘क्रोध गा, देवी, पेलेउसपुत्र अकिलीसचा, तो घातकी क्रोध, ज्याने अखायांवर हजारो दुःखं आणली, वीरांचे कितीतरी खंबीर प्राण हेडीसकडे धाडले आणि त्यांची शरीरं कुत्र्यांपाखरांपुढे टाकली, आणि झ्यूसचा बेत पुरा होत गेला; तिथपासून गा, जिथे अट्रेउसचा पुत्र, तो राजा, आणि दिव्य अकिलीस पहिल्यांदा भांडून दुरावले.’

मूळ ग्रीकमध्ये पहिला शब्द ‘मेनिन्’, म्हणजे क्रोध. पाठोपाठ प्रेतं, कुत्री, पाखरं. आपल्या मापाने हा अमंगलाचा कळसच झाला. ‘श्री’ शोधणाऱ्या भारवीला हे वाचून घेरी आली असती. होमरला शुभ शब्द नकोच आहे, त्याला विषयाचा शब्द हवा आहे. ‘ओडिसी’तही तसंच: पहिला शब्द ‘आन्द्रा’, माणूस. म्हणून अनुवादक ‘हे देवी, तू गा’ अशी सुरुवात करतात तेव्हा वाक्य मराठी वळणाचं होतं खरं, पण पहिल्या शब्दावरचा जोर जातो. मला ‘क्रोध गा, देवी’ जरा अवघडलेलं वाटलं तरी तेच बरं वाटतं.

दुसरी खूण क्रियापदात आहे. ‘गा’ हे आज्ञार्थी रूप देवीला उद्देशून आहे. ‘मी गातोय, सांभाळून घे’ असं तो म्हणत नाही, गाणार ती. (रोमन कवी व्हर्जिलने आपल्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या पहिल्या ओळीत ‘कानो’, म्हणजे ‘मी गातो’, म्हटलं आणि म्यूझची, म्हणजे काव्यदेवतेची, आठवण काढली ती आठव्या ओळीत. तोवर कवी लिहू लागला होता, हे एवढ्यावरूनही कळावं.) आणि ती कुठून गाणार, हेही होमर ठरवून देतो: भांडणापासून. ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध, त्यातला एकच धागा, त्याचं एकच टोक.

लगेच आठवी ओळ येते: ‘देवांपैकी कुणी बरं या दोघांना झुंजायला लावलं?’ नवव्या ओळीत उत्तर: लेटो आणि झ्यूसच्या मुलाने, म्हणजे अपोलोने. आणि कथा सुरू. इथे एक करून पाहण्याजोगी कसोटी आहे. पहिल्या सात ओळी खोडा. ‘या दोघांना’ म्हणजे कोणाला, ते कळणार नाही. उलट ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीचं ‘ॐ नमो जी आद्या’, गणेशाचं रूपक, शारदा, सद्गुरू हे सगळं वगळून थेट धृतराष्ट्राच्या प्रश्नाशी आलात, तर गोडी फार मोठी हरवेल, पण कथेचा सांधा निखळणार नाही. मंगलाचरण ग्रंथाच्या उंबरठ्यावर असतं. होमरचं आवाहन घराच्या भिंतीतच बांधलेलं आहे.

मग आपल्याकडे मदत मागत नाहीत का? मागतात. ‘रघुवंशा’त कालिदास पार्वती-परमेश्वरांना वंदन करतो ते ‘वागर्थप्रतिपत्तये’, शब्द आणि अर्थ नीट उमगावेत म्हणून. पुढच्याच श्लोकात तो म्हणतो, कुठे तो सूर्यवंश आणि कुठे माझी तोकडी बुद्धी. तराफ्यावरून समुद्र ओलांडायला निघालोय. होमरकडेही अशी कबुली आहे, दुसऱ्या सर्गात, ट्रॉयवर चालून आलेल्या ग्रीकांच्या जहाजांच्या यादीआधी. पण तिचा सूर ऐका: ‘तुम्ही देवी आहात, तुम्ही तिथे होतात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आमच्या कानावर नुसती कीर्ती येते, आम्हाला काहीच माहीत नाही.’ आणि पुढे, दहा जिभा, दहा तोंडं, न थकणारा आवाज आणि काशाचं काळीज असलं तरी तुम्ही आठवण दिल्याशिवाय एवढे लोक मला सांगता येणार नाहीत. (शेषाच्या हजार मुखांची सवय असलेल्या आपल्याला दहा म्हणजे अगदीच काटकसर वाटते.) कालिदासाला प्रतिभा कमी पडण्याची भीती आहे, होमरला माहिती. त्याला साक्षीदार हवा आहे. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने म्यूझांना म्नेमोसिने म्हणजे स्मृती हिच्या मुली म्हटलंय. लिखाणाच्या आधाराशिवाय हजारांहून अधिक जहाजं, त्यांचे नायक आणि गावं ओळीने म्हणायची असतील, तर हाक स्मृतीच्या लेकींनाच मारणार.

म्हणून माझं मत असं: होमरसाठी ‘आवाहन’ म्हणावं, आणि संदर्भ नसेल तिथे ‘काव्यदेवतेचं आवाहन’. कानाला परकं वाटत असेल तर गोंधळ आठवा. गोंधळी एकेका ठिकाणच्या देवीला नाव घेऊन ‘गोंधळाला ये’ म्हणतो. तेही बोलावणंच आहे. फक्त तिथे देवीने येऊन बसायचं असतं, इथे तिनेच गायचं असतं. कालिदास, ज्ञानेश्वर यांच्यासाठी ‘मंगलाचरण’ हाच शब्द हक्काचा. ‘प्रार्थना’ टाळावी, फार पसरट आहे.

राहता राहिलं काव्यदेवतेला आव्हान. ते एकाने खरोखर दिलं होतं, आणि होमरने ते त्याच जहाजांच्या यादीत नोंदवलंय. थामिरिस नावाचा थ्रेसचा गायक. स्वतः म्यूझा गायला उभ्या राहिल्या तरी मीच जिंकेन, अशी त्याने बढाई मारली. त्यांनी त्याला पंगू केलं, त्याचं दिव्य गाणं काढून घेतलं आणि वाद्य कसं वाजवायचं तेही विसरायला लावलं.