एकच तिरकी रेषा, पाच वेळा

प्रश्न: इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये एचपी आणि व्हीपी, म्हणजे आडवं आणि उभं प्रतल, या दोन्हींशी तिरक्या असलेल्या रेषेची रोज दहा गणितं सोडवतो, तरी शेवटी ब′ आणि ब एका प्रोजेक्टरवर येत नाहीत. अजून किती सराव करू आणि कोणतं पुस्तक घेऊ?

दहा गणितं बंद करा. एकच घ्या आणि तेच पाच वेळा काढा. पुस्तक हाताशी असेल ते चालेल, या प्रकरणात सगळी सारखीच आहेत. ‘जास्तीत जास्त गणितं, जास्तीत जास्त शीट’ असं सांगणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे आणि तो मिटवायला तुमचा प्रश्न आयता सापडलाय, तेव्हा उत्तर लांबणार.

दहा वेगवेगळ्या गणितांत आकडे दहा प्रकारे बदलतात. मग उत्तर चुकलं तर चूक समजेत आहे की हातात, हे कळायला काही मार्गच उरत नाही. एका गणिताचं उत्तर मिलिमीटरपर्यंत पाठ असलं, की शीटच सांगते काय बिघडलं.

हे गणित घ्या. रेषा अब ८० मिमी लांब. अ हे टोक एचपीच्या १५ मिमी वर आणि व्हीपीच्या २० मिमी पुढे. रेषा एचपीशी ३० अंश आणि व्हीपीशी ४५ अंश करते. फर्स्ट अँगल. हे आकडे मुद्दाम निवडलेत: दोन्ही कोन नुसत्या कंपासने निघतात, आणि शेवटी ब चा प्रोजेक्टर अ च्या प्रोजेक्टरपासून बरोबर ४० मिमीवर येतो.

कागदाला हात लावण्याआधी पेन्सिल घ्या. तिचं टोक टेबलावर टेकवून ती साधारण ३० अंशांत कलती धरा, तुमच्या डोळ्यांसमोर आडवी. आता खालचं टोक न हलवता आणि कल न बदलता वरचं टोक हळूहळू स्वतःकडे फिरवा. वरच्या टोकाची उंची बदलत नाही. वरून पाहिलं तर पेन्सिलीची लांबीही तेवढीच दिसते. समोरून मात्र ती आखूड होत जाते आणि जास्त उभी दिसायला लागते. सगळं प्रकरण एवढंच आहे. ब ची उंची आणि टॉप व्ह्यूची लांबी हे दोन्ही एकट्या एचपीशी असलेल्या कोनाने ठरतं. तसंच ब चं व्हीपीपासूनचं अंतर आणि फ्रंट व्ह्यूची लांबी एकट्या व्हीपीशी असलेल्या कोनाने ठरते. म्हणून आधी एकेक कोन वेगळा हाताळायचा आणि मग रेषा फिरवून जागेवर आणायची.

आता शीट. एक्सवाय आखा, एक प्रोजेक्टर काढा, त्यावर १५ वर अ′, म्हणजे त्या टोकाचा फ्रंट व्ह्यू, आणि २० खाली अ, म्हणजे टॉप व्ह्यू. दोन्हींतून उजवीकडे आडव्या रेषा हलक्या हाताने ओढा. अ′ केंद्र, त्रिज्या ८०, मोठा कंस. तो आडव्या रेषेला जिथे कापतो तिथून त्याच त्रिज्येने कंसावर खूण केली की ६० अंश झाले. त्याचा दुभाजक काढा. दुभाजक त्याच कंसाला जिथे छेदतो तो ब१′. कोन आणि लांबी दोन्ही एकदम मिळाले, पट्टी लावायची गरज नाही. ब१′ हा अ′ च्या आडव्या रेषेपासून ४० मिमी वर हवा, कारण ३० अंशांत उंची लांबीच्या निम्मी असते. तो ३९ वर आला तर इथेच थांबा, पुढे जाऊन उपयोग नाही.

कोनमापकाऐवजी कंपास का, तर छोट्या कोनमापकावर अर्धा अंश सहज चुकतो आणि ८० मिमीच्या रेषेवर त्याने उंचीत ०.६ मिमीचा फरक पडतो. पण कंपासनेही २५ मिमीचा चिमुकला कंस काढून कोन दुभागलात तर तेच. छेदबिंदू अर्धा मिमी सरकला की २५ त्रिज्येवर एक अंशाहून जास्त चूक, ८० त्रिज्येवर अंशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. कंस मोठाच काढायचा.

ब१′ मधून आडवी रेषा हा ब′ चा लोकस, म्हणजे ब′ कुठेही असला तरी याच रेषेवर असणार. ब१′ वरून खाली अ च्या आडव्या रेषेवर लंब टाका, तो ब१. अ ते ब१ ही टॉप व्ह्यूची लांबी, ६९.३ मिमी.

खाली तसंच. अ केंद्र, त्रिज्या ८०, आडवी रेषा आणि प्रोजेक्टर यांच्यामधला काटकोन दुभागला की ४५ अंश, कंसावर ब२. तो अ च्या आडव्या रेषेखाली ५६.६ मिमी यायला हवा. ब२ मधून आडवी रेषा हा ब चा लोकस. ब२ वरून वर अ′ च्या आडव्या रेषेपर्यंत जा, तो ब२′. अ′ ते ब२′ ही फ्रंट व्ह्यूची लांबी, तीही ५६.६.

शेवटचे दोन कंस. अ′ केंद्र, त्रिज्या अ′ब२′, वरच्या लोकसला कापा: ब′. अ केंद्र, त्रिज्या अब१, खालच्या लोकसला कापा: ब. त्रिज्या पट्टीवर वाचून घेऊ नका, कंपासचं टोक आणि शिसं थेट दोन बिंदूंवर ठेवून उचला. ६९.३ मधला तो ०.३ पट्टीवर कुणालाच धड दिसत नाही.

आता गुण्या लावून ब′ वरून खाली या. इथे तुमचं घोडं अडतंय, म्हणून फरक नेमका मोजा.

ब′ अ च्या प्रोजेक्टरपासून ४० च्या जागी ५६.६ मिमी बाजूला आणि खालचा कंस लोकसला जेमतेम टेकतोय, ब थेट अ च्याच प्रोजेक्टरवर, असं झालं तर तुम्ही त्रिज्यांची अदलाबदल केलीत. टॉप व्ह्यूची लांबी वर वापरलीत आणि फ्रंट व्ह्यूची खाली. फरक साधारण १३ मिमी असेल, तर तुम्ही रेषा फिरवलीच नाहीत. वर ८० मिमी ३० अंशांत, खाली ८० मिमी ४५ अंशांत काढून त्यालाच उत्तर समजलात (६९.३ वजा ५६.६). फरक एक मिमीच्या आत असेल तर समज पक्की आहे, हात कच्चा आहे. त्याला पुस्तक लागत नाही, टोकदार शिसं लागतं.

हाताबद्दल एवढंच. या शीटमध्ये अ′ आणि अ मध्ये कंपासचं टोक पुन्हा पुन्हा रुततं. भोक मोठं झालं की प्रत्येक कंसाचं केंद्र थोडं थोडं सरकतं. तिथे आधीच पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. कंपासमधलं शिसं पेन्सिलीपेक्षा एक नंबर मऊ ठेवा, कारण कंपासवर पेन्सिलीइतका दाब देता येत नाही, आणि दाब द्यायला गेलात की पाय फाकतात. पेन्सिल टू एच असेल तर कंपासमध्ये एच.

या गणितात एक चकवाही आहे. ब′ मिळाल्यावर अ′ब′ चा आडव्या रेषेशी कोन मोजलात तर तो ४५ भरतो, आणि पोरांना वाटतं हाच तो व्हीपीशी दिलेला ४५. अजिबात नाही. हा योगायोग आहे. फ्रंट व्ह्यूमध्ये दिसणारा कोन हा एचपीशी असलेल्या ३० चा फुगलेला कोन आहे. टॉप व्ह्यूमध्ये ४५ चा फुगून सुमारे ५४.७ झालाय. दिसणारा कोन खऱ्या कोनापेक्षा लहान कधीच येत नाही. आला तर काहीतरी उलटं झालंय.

हे एकदा जमलं की आकडे बदलायचे, पण एका वेळी एकच. एचपीशी ३० तसाच ठेवा आणि व्हीपीशी कोन ०, १५, ३०, ४५, ६० असा बदला, पाचही एकाच शीटवर, एकाच अ आणि अ′ वरून. ब′ चा लोकस पाचही वेळा तोच राहतो. पाचही टॉप व्ह्यू ६९.३ च्या एकाच कंसावर येतात. ब चं अ पासूनचं आडवं अंतर मात्र ६९.३, ६६.१, ५६.६, ४० असं घटत शेवटी शून्य होतं. पेन्सिल फिरवताना जे हाताला कळलं तेच कागदावर उतरलेलं दिसतं. चाळीस सुटी गणितं सोडवूनही हे दिसत नाही. माझं म्हणणं इतकी वर्षं हेच आहे.

शेवटच्या ६० वाल्यात फसू नका. ३० आणि ६० ची बेरीज ९० झाली की रेषा दोन्ही प्रतलांना लंब अशा उभ्या पातळीत जाते, दोन्ही व्ह्यू एकाच प्रोजेक्टरवर पडतात आणि कंस लोकसला नुसता टेकतो. तिथे वरचा लोकस अर्धा मिमी खाली आला तर ब′ शून्याऐवजी ६ मिमीहून जास्त बाजूला दिसतो. अर्धा मिमी वर गेला तर कंस लोकसपर्यंत पोहोचतच नाही. अशा गणितात कंसावर विसंबू नका, बेरीज ९० दिसली की ब थेट अ च्या प्रोजेक्टरवर घ्या. बेरीज ९० च्या वर असेल तर अशी रेषा असूच शकत नाही, म्हणजे गणितच चुकीचं छापलंय.

हे सगळं दोन्ही खरे कोन आणि खरी लांबी दिलेल्या गणिताबद्दल झालं. लांबी न देता प्रोजेक्टरमधलं अंतर दिलं असेल तर हीच आकृती उलट्या क्रमाने चालवायची. थर्ड अँगलमध्ये टॉप व्ह्यू वर जाईल, त्रिज्या त्याच राहतील. आणि ‘अजून किती’ म्हणाल तर पाच रेषांच्या त्या शीटमध्ये फरक तीनदा सलग एक मिमीच्या आत आला, की हा प्रकार सोडून ट्रेसेसकडे वळा.