रेल्वेत सीट बदलून मागणारी चिठ्ठी

प्रश्न: थर्ड एसीत आमच्या दोन सीट १७ आणि २० आहेत, तिसरी ४६ वर गेली. सोबत पाच वर्षांची मुलगी आहे. सहप्रवाशाला सीट बदलण्यासाठी चिठ्ठीत काय लिहू?

उत्तर: चिठ्ठी १९ नंबरवाल्यांना द्या. १९ आणि ४६ दोन्ही अप्पर बर्थ, त्यामुळे त्यांचं काहीच कमी होत नाही. अप्पर देऊन लोअर मागितली की नकार ठरलेलाच, आणि तो रास्तच असतो. ते एकटे असतील तरच विचारा, तेही चादर अंथरायच्या आत.

मजकूर असा:

"नमस्कार. आमच्या सीट १७ आणि २० आहेत, तिसरी याच डब्यात ४६ (अप्पर) आहे. लहान मुलगी सोबत असल्याने रात्री तिघांना जवळ राहायचं आहे. तुमची १९ देऊन ४६ घ्याल का? आम्ही नागपूरपर्यंत आहोत. सामान आम्ही नेऊन देतो. अडचण असेल तर अगदी मोकळेपणाने नाही म्हणा."

उतरायचं स्टेशन मुद्दाम लिहिलंय. तुम्ही अकोल्याला उतरणार आणि ते नागपूरला, तर अकोल्यानंतर ४६ दुसऱ्या कुणाच्या नावावर असू शकते. मग मध्यरात्री त्या बिचाऱ्यांना उठवलं जातं.

होकार मिळाला की टीसींना लगेच सांगा. त्यांच्या यादीत नावं जुन्याच सीटवर असतात. चिठ्ठी सीटवर ठेवून जाऊ नका, हातात द्या.