माडावरून पडलेल्या भावाला मेंदूतली चिप उपयोगी पडेल का?

प्रश्न: भाऊ गुहागरला माडावरून पडला, मानेचा मणका मोडला, हात हलत नाहीत. मेंदूत चिप बसवून त्याला मोबाईल चालवता येईल का?

उत्तर: तत्त्वतः येईल, पण आज ही चिप फक्त संशोधनाच्या चाचण्यांत बसवतात, विकत मिळत नाही. मी रत्नागिरीत मणक्याच्या रुग्णांची फिजिओथेरपी करतो, त्यामुळे हा विषय सतत वाचतो. मान मोडली तरी हात हलवण्याचा हुकूम देणारा मेंदूचा भाग शाबूत असतो. तुटते ती खाली जाणारी वाट. म्हणून त्या भागात सुमारे 4 मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद पट्टी बसवतात. तिच्यावर शंभरेक बारीक सुया असतात. रुग्ण पडद्यावरच्या ठिपक्यामागे हात नेण्याची मनात कल्पना करतो आणि कुठल्या दिशेच्या कल्पनेला मेंदूतली कुठली पेशी जास्त विजेचे सिग्नल देते हे सुयांमधून ऐकून संगणक शिकतो. 2004 मध्ये अमेरिकेत मानेखाली लुळा पडलेल्या एका तरुणाने असाच कर्सर हलवला.

खरी अडचण पुढे आहे. सुया केसभर सरकतात, भोवती व्रणाचा थर जमतो आणि काल ऐकू येणारी पेशी आज गप्प होते. मग सरळ वर न्यायचा कर्सर वाऱ्यावरच्या होडीसारखा एका अंगाला ओढला जातो, आणि ठिपक्याचा सराव पुन्हा करून घ्यावा लागतो. काही वर्षांत सिग्नलही क्षीण होतात.

मात्र हे मणक्याच्या इजेपुरतं. पक्षाघाताने मेंदूचा तोच भाग गेला असेल, तर हे गणित लागू नाही. दादाची मान वळत असेल तर आधी डोक्याच्या हालचालीवर चालणारा माउस लावून बघा. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही.