प्रथमोपचाराच्या नोंदीत काय दिसले ते लिहावे, काय झाले असेल ते नको

प्रश्न : «कारखान्यात माझी प्रथमोपचारक म्हणून नेमणूक झाली आहे. एक कामगार तेलावर घसरून हातावर पडला. मी नोंदवहीत 'उजवे मनगट मुरगळले, किरकोळ दुखापत, बर्फ लावला' असे लिहिले. सेफ्टी ऑफिसर म्हणाले की हे निदान झाले, असे लिहू नका. फ्रॅक्चर तर मी लिहिलेच नव्हते. मग लिहायचे तरी काय?»

सेफ्टी ऑफिसरांचे म्हणणे योग्य आहे. 'फ्रॅक्चर' हे निदान आहे हे सर्वांनाच पटते. पण 'मुरगळले' हेही तितकेच निदान आहे, कारण त्याचा अर्थ हाड शाबूत असून फक्त स्नायुबंध ताणला गेला आहे असा होतो, आणि हे हाताने चाचपून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. 'किरकोळ' हा शब्द तर मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मोठ्या आजाराचे नाव लिहिताना माणूस किमान कचरतो तरी. दुखापत लहान ठरवताना मात्र आपण काही ठरवत आहोत हेच त्याच्या लक्षात येत नाही.

तुमच्याच उदाहरणात हे विशेष महत्त्वाचे आहे. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या त्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, एक लहानसा खळगा दिसतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते. पसरलेल्या तळहातावर पडल्यावर मोडणाऱ्या हाडांपैकी ते एक आहे. त्याचे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. त्यामुळे संशय असल्यास डॉक्टर मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. त्या हाडाचा रक्तपुरवठा मर्यादित असल्यामुळे दुखापत निसटली तर ते नीट न जुळण्याचा धोका असतो. दुखण्याची नेमकी जागा नोंदीत असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना तो धागा मिळतो. 'मुरगळले, किरकोळ' एवढेच लिहिलेले असेल, तर हा धागा तुटतो आणि वाचणाऱ्याचे मन आधीच एका बाजूला झुकते.

नोंद लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे मला कसे कळले? त्याची प्रामाणिक उत्तरे तीनच असतात. मी स्वतः पाहिले किंवा मोजले, मला कोणीतरी सांगितले, किंवा मी स्वतः केले. या तिन्हींत न बसणारे वाक्य बहुधा अनुमान असते, आणि ते वगळावे. तुमच्या प्रसंगाची नोंद मी अशी लिहिली असती (वेळा आणि तपशील अर्थातच नमुन्यादाखल आहेत) :

«सकाळी १०.४० वाजता पाहिले. घटना १०.३० च्या सुमारास घडल्याचे जखमी व्यक्तीने सांगितले. त्यांचे शब्द : 'तेलावर पाय घसरला, उजवा हात टेकून पडलो.' पडताना पाहणारे कोणी भेटले नाही. डोक्याला लागले नाही असे ते सांगतात. उजव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला सूज आहे. डाव्या मनगटावर नाही. त्वचा फाटलेली नाही, रक्त दिसत नाही. दुखणे अंगठ्याच्या मुळाशी सर्वांत जास्त, दहापैकी सात असे सांगतात. मनगट हलवले की दुखणे वाढते असे सांगतात. मी हलवून पाहिले नाही. बोटे हलवतात, बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो, रंग डाव्या हातासारखाच आहे. अंगठी काढून त्यांच्याकडे दिली. हात झोळीत ठेवला. कापडात गुंडाळलेला बर्फ १०.४५ ते ११.०० ठेवला. ११.१० वाजता सुपरवायझरसोबत रुग्णालयात पाठवले.»

या नोंदीत एकाही दुखापतीचे नाव नाही, तरीही तुमच्या मूळ ओळीपेक्षा तिच्यातून डॉक्टरांना कितीतरी अधिक कळते. 'तेलावर घसरला' हे अवतरणात आहे, कारण तुम्ही ते पाहिलेले नाही. तेल तुम्ही स्वतः जमिनीवर पाहिले असेल, तर ते वेगळ्या वाक्यात लिहावे. 'मी हलवून पाहिले नाही' हे वाक्यही मुद्दाम ठेवले आहे, कारण न तपासलेली गोष्ट आणि तपासून ठीक आढळलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि कोरी जागा पाहून वाचणारा बहुधा दुसरा अर्थ घेतो. याच कारणासाठी 'बाकी सर्व नॉर्मल' असे कधीही लिहू नये.

कापलेल्या जखमेत जागा आणि माप यांवर भर द्यावा. डावे-उजवे नेहमी जखमी व्यक्तीचे असते. बोटांना क्रमांक देऊ नयेत, कारण अंगठा धरून मोजायचे की सोडून यावरून गोंधळ होतो. तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी असे लिहावे आणि तळहाताची बाजू की पाठीची तेही सांगावे. लांबी पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजावी, पण पट्टी जखमेला टेकवू नये. खोलीचा अंदाज लिहू नये आणि त्यासाठी जखम उघडून तर अजिबात पाहू नये. 'कडा एकमेकींपासून दूर आहेत' एवढे पुरे आहे. 'खूप रक्त गेले' याऐवजी किती गॉज भिजले आणि किती मिनिटे दाब दिल्यावर रक्त थांबले, हे लिहावे. भाजल्यावर 'दुसऱ्या डिग्रीचे' असे न लिहिता लाली, फोड, त्वचेचा रंग आणि जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या तळहाताच्या तुलनेत आकार लिहावा. बोटांसह तो तळहात शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण एक टक्का असतो. वाहत्या पाण्याखाली भाग किती वाजता धरला आणि किती वाजता काढला, हेही हवे. काळ्यानिळ्या डागाचा रंग लिहावा, पण त्यावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवू नये, कारण तो अंदाज विश्वासार्ह नसतो.

सर्वाधिक काळजी लागते ती शुद्धीवर परिणाम झालेल्या माणसाच्या बाबतीत. 'दारू प्यायलेला होता' ही ओळ माझ्या मते नोंदवहीत कधीही असू नये. रक्तातील साखर उतरलेला मधुमेही आणि डोक्याला मार लागलेला माणूस हे दोघेही अडखळत बोलू शकतात, तोल सांभाळू शकत नाहीत आणि चिडचिड करू शकतात. शिवाय दारू प्यायलेल्या माणसाच्याही डोक्याला मार लागलेला असू शकतो. म्हणून असे लिहावे : «तोंडाला वास येतो. शब्द अस्पष्ट. आधाराशिवाय उभे राहता येत नाही. हाक मारल्यावर डोळे उघडतात, स्वतःचे नाव सांगतात, वार सांगता येत नाही.» 'बेशुद्ध' असे मोघम न लिहिता हाकेला प्रतिसाद देतो, फक्त चिमटा काढल्यावर देतो, की कशालाच देत नाही, हे वेळेसह लिहावे आणि काही मिनिटांनी पुन्हा पाहून नवी वेळ टाकावी. प्रतिसाद कमी होत चालला आहे का, हे अशा दोन-तीन ओळींवरूनच पुढच्याला कळते.

तुमची आधीची नोंद मात्र खोडरबरने किंवा व्हाइटनरने पुसू नका आणि पानही बदलू नका. चुकीच्या शब्दांवर ते वाचता येतील अशी एकच आडवी रेघ मारा, शेजारी सही, तारीख आणि वेळ घाला, आणि खाली 'नंतर जोडलेली नोंद' असे लिहून तुम्हाला आज नक्की आठवते तेवढेच मांडा. डॉक्टरांनी पुढे निदान कळवले, तर तेही त्याखाली त्यांच्या नावाने लिहिता येते : «रुग्णालयाच्या कागदानुसार…» असे. ते वाचून वरचे तुमचे निरीक्षण बदलू नका.