नवा फोन सुरूच होत नाही, विक्रेता म्हणतो कंपनीशी बोला

प्रश्न: ऑनलाइन मागवलेला फोन पहिल्या दिवसापासून बंद आहे. विक्रेता सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मागतोय. काय करू?

उत्तर: बदलून देण्याची मुदत संपायच्या आत फोन, बॉक्स, चार्जर आणि बिल घेऊन अधिकृत सेंटरला जा. काउंटरवर आधीच सांगा, "दुरुस्ती नको, डीओए सर्टिफिकेट हवंय." म्हणजे फोन हातात आला तेव्हापासूनच बंद होता, असा दाखला. एकदा का त्यांनी बोर्ड बदलला, की ती साधी वॉरंटी दुरुस्ती ठरते आणि बदली फोनचा हक्क सांगणं अवघड होतं. माझ्या भावाला नुसती जॉबशीट मिळाली होती, विक्रेत्याने ती नाकारली. कागदावर बिघाड, तपासणीची तारीख, शिक्का आणि बिलावरचाच आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, हवा. एक आकडा चुकला तरी परत पाठवतात. सेंटर टाळाटाळ करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, विक्रेत्याविरुद्धच.