वर्गातल्या मुलाच्या वाढदिवसाला काय न्यावं?

मुलगा पहिलीत आहे. वर्गातल्या एकाच्या वाढदिवसाचं बोलावणं आलंय, पण त्याला किंवा त्याच्या घरच्यांना आम्ही ओळखत नाही. तीनशेपर्यंत काय न्यावं?

उत्तर:
वापरून संपणारी वस्तू न्या. त्या दिवशी कंपास पेट्या आणि पाण्याच्या बाटल्या ढिगाने येतात, पण खडू दोनदा आले तरी पुढच्या महिन्यात कामी येतात. पंचवीस रंगांचे ऑइल पेस्टल आणि जाड कागदाची चित्रकलेची वही तीनशेत बसते. वही पातळ कागदाची नको. तेलकट रंग मागच्या पानावर उतरतो. कपडे टाळा, मापाचा अंदाज हमखास चुकतो. खाऊही नको, एखाद्याला शेंगदाणे चालत नाहीत. वेष्टनावर आपल्या मुलाचं नाव लिहा, नाहीतर कोणी काय दिलं ते त्यांना कळतच नाही. (आमच्याकडे तीन पुडकी अजून बेवारस आहेत.)