फ्रेंचमधला 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'इव्हेन्च्युअली' नव्हे

प्रश्न: फ्रेंच शिकतेय, इंग्लिशसारखे दिसणारे शब्द खूप भेटतात. ते इंग्लिश अर्थानेच घेतले तर चालतं का, की कुठे फसायला होतं?

बऱ्याचदा चालतं, आणि म्हणूनच फसायला होतं. अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फो-झामी' म्हणतात, म्हणजे खोटे मित्र. स्पॅनिशमधलं 'एम्बारासादा' तुम्ही ऐकलं असेलच, दिसायला 'एम्बॅरस्ड' आणि अर्थ गरोदर. पण तो शब्द मला तेवढा धोकादायक वाटत नाही, कारण तिथे चूक झाली की समोरचा लगेच हसतो आणि आपल्याला कळतं. खरा घात करतात ते शब्द ज्यांचा चुकीचा अर्थही वाक्यात अगदी फिट्ट बसतो.

माझंच सांगते. एकदा मेल आला, 'नू पुरियों एव्हाँत्युएलमाँ नू व्ह्वार झदी'. मी वाचलं की 'शेवटी एकदाचं गुरुवारी भेटता येईल', आणि अख्खा गुरुवार मोकळा ठेवला. कोणी आलं नाही, फोनही नाही, मग मीच जरा तोऱ्यात विचारलं तर उत्तर आलं की आपलं काही नक्की कुठे ठरलं होतं? आणि त्यांचं बरोबरच होतं. 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'वेळ पडली तर, जमलंच तर'. शेवटी एकदाचं असं त्यात काही नाहीच, उलट होईल की नाही हेच नक्की नाही.

मूळ एकच आहे हं दोन्हीचं. लॅटिनमध्ये 'घडणं, निष्पन्न होणं' असा अर्थ असलेला शब्द आहे, 'इव्हेन्ट'सुद्धा त्यातलाच. फ्रेंचने त्यातलं 'घडलं तर' पकडलं आणि इंग्लिशने 'अखेर जे निष्पन्न होतं ते' पकडलं. आपल्याकडे नाही का, 'शिक्षा' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर छडी येते आणि हिंदीवाल्याच्या डोळ्यासमोर शाळा, संस्कृत दोघांचं एकच. तसंच हे.

मग वाचताना ओळखायचं कसं? मी क्रियापद बघते. वरच्या वाक्यात 'पुरियों' आहे, म्हणजे 'करू शकू, जमू शकेल', ते रूपच मुळात मोघम आहे. अशा मोघम क्रियापदाजवळ 'एव्हाँत्युएलमाँ' आला की 'जमलंच तर' घालून बघा, वाक्य आपोआप सरळ होतं. मोघम रूप दरवेळी असेलच असं नाही, कधी साधा भविष्यकाळही असतो, पण अर्थ बदलत नाही.

बोलताना तर अजून पंचाईत. समजा तुम्हाला म्हणायचंय, 'उशीर होईल पण पैसे अखेर देऊच', आणि इंग्लिशच्या भरवशावर तुम्ही म्हणालात 'नू पेरों एव्हाँत्युएलमाँ'. समोरच्याने काय ऐकलं? 'जमलं तर देऊ'. म्हणजे भरवसा द्यायला गेलात आणि होता तोही घालवलात. 'अखेर, शेवटी' यासाठी फ्रेंच माणूस सहसा 'फिनीर पार' वापरतो, शब्दशः 'अमुक करून संपवणं'. 'तो शेवटी आला' म्हणजे 'इल आ फिनी पार व्हनीर'. ही रचना एकदा तोंडात बसली की 'एव्हाँत्युएलमाँ'चा मोहच होत नाही.

याचाच भाऊ 'आक्त्युएलमाँ'. अर्थ 'सध्या'. 'इल ए आक्त्युएलमाँ आँ काँझे' म्हणजे 'तो सध्या रजेवर आहे', पण 'ॲक्च्युअली' समजून वाचलं तर 'खरं तर तो रजेवर आहे' असं होतं आणि आधी कोणीतरी आपल्याला खोटं सांगितलं होतं की काय असा उगाच संशय येतो :) 'खरं तर'साठी 'आँ फेत' म्हणा. गंमत म्हणजे इथे फ्रेंच एकटी नाहीये, स्पॅनिशमध्ये 'आक्तुआलमेन्ते' म्हणजे सध्या आणि जर्मनमध्ये 'आक्टुएल'चा अर्थही चालू, ताजं असाच. वेगळ्या वाटेने गेलीये ती इंग्लिश, त्यामुळे पुढे स्पॅनिश घेतलंत तर ही जोडी पुन्हा शिकावी लागणार नाही. तिथे 'एव्हेन्तुआल' कामगार म्हणजे तात्पुरता, कामापुरता घेतलेला माणूस, म्हणजे पुन्हा तेच, 'वेळ पडली तर'.

फक्त लिहिणारा माणूस कुठला आहे ते बघा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांच्या शेजारी सतत इंग्लिश असते, तिथे 'एव्हाँत्युएलमाँ' कधीकधी खरंच 'पुढेमागे, शेवटी' अशा अर्थाने वापरलेला दिसतो. तिथले भाषेचे जाणकार त्याला इंग्लिशची लागण म्हणून नाकं मुरडतात, पण लोक वापरतात. तिकडून असा मेल आला तर अंदाज न बांधता सरळ 'नक्की का?' विचारून घ्या, मी आता तेच करते.